ईशान्येला निघालेला फोटॉन

परवा एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय भलताच होता, पण तासाभराने वक्त्यांची गाडी क्वांटमवर आलीच. इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन ठिकाणी असतो, आपण पाहिलं की एका ठिकाणी येतो, म्हणजे जग आपल्या जाणिवेने घडतं! टाळ्या पडल्या. मी बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो, हे ऐकून शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "खरंच असं असतं का हो?" मी नुसतं "नाही" म्हणालो. तेवढं पुरेसं नव्हतं, म्हणून हे सविस्तर.

आधी सुपरपोझिशन. पोलरायझर म्हणजे काही गॉगलच्या काचांत असतो तसा फिल्टर. तो प्रकाशाच्या कंपनाची एकच दिशा पुढे जाऊ देतो. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा एक कण. उभ्या फिल्टरमधून बाहेर पडलेला फोटॉन 'उभा', आडव्यातून आलेला 'आडवा', आणि 45 अंशांवर तिरप्या धरलेल्या फिल्टरमधून आलेला 'तिरपा'. हा तिरपा फोटॉन उभ्या फिल्टरवर आला की काय होतं? अर्धा फोटॉन कधीच पलीकडे जात नाही. एक तर पूर्ण जातो, नाही तर पूर्ण अडतो, आणि दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी. पुस्तकी भाषेत, तिरपी अवस्था ही उभ्या आणि आडव्या अवस्थांची सुपरपोझिशन.

इथे समंजस माणसाच्या मनात पहिली शंका येते ती अशी: तो आधीपासून उभा किंवा आडवाच असेल, फक्त आपल्याला ठाऊक नसेल. शंका रास्त आहे, आणि ती तपासताही येते. एका डब्यात 100 तिरपे फोटॉन आहेत असं समजा. दुसऱ्या डब्यात 50 उभे आणि 50 आडवे, नीट पिसून. उभा फिल्टर लावला तर दोन्ही डब्यांतून साधारण 50 जातात, फरक कळत नाही. आता फिल्टर त्याच 45 अंशांवर तिरपा करा. पहिल्या डब्यातले सगळे 100 जातात (फिल्टर आदर्श धरलाय). दुसऱ्यातले मात्र साधारण 50च, कारण उभ्या फोटॉनलाही तिरप्या फिल्टरमधून जायची संधी निम्मीच आणि आडव्यालाही निम्मीच. पहिला डबा हा आपल्या अज्ञानाचा डबा असता, तर त्यातूनही 50च गेले असते.

म्हणजे 'माहीत नाही' हा अर्थ बाद. 'एकाच वेळी दोन्ही' हा अर्थही मला तितकाच खटकतो. ईशान्येला चालणाऱ्या माणसाबद्दल आपण असं म्हणतो का, की हा एकाच वेळी उत्तरेलाही चाललाय आणि पूर्वेलाही, काय चमत्कार आहे बघा? ईशान्य ही स्वतंत्र, नेमकी दिशा आहे. तिचे उत्तर आणि पूर्व असे घटक आपण पाडतो, सोयीसाठी. तिरपा फोटॉनही तसाच, त्याची अवस्था अगदी नेमकी आहे. फक्त 'उभा की आडवा?' या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आधीपासून लिहिलेलं नाही.

उपमा इथवरच चालते. माणसाला "उत्तर की पूर्व?" असं विचारल्याने त्याची वाट बदलत नाही. फोटॉनची बदलते. उभ्या फिल्टरमधून पार झालेला फोटॉन आता उभाच असतो. त्याला परत तिरपा फिल्टर दाखवला तर पार व्हायची शक्यता पुन्हा निम्मी. मघाचं तिरपेपण गेलं. मापन म्हणजे थर्मामीटर वाचल्यासारखं आधीचं काही वाचणं नव्हे, मापनाने अवस्था बदलते.

पण बदलतं कोण? बघणारा? सगळा घोळ या 'बघणं' शब्दाने केलाय. त्यावर माझा आवडता प्रयोग 2004 साली व्हिएन्नामध्ये झाला. C70 हा 70 कार्बन अणूंचा रेणू, लांबट चेंडूसारखा पोकळ. भट्टीत तापवून अशा रेणूंचा झोत निर्वात नळीतून सोडला. वाटेत एकामागे एक सोन्याच्या तीन जाळ्या होत्या, प्रत्येकीत सुमारे एक मायक्रोमीटर अंतराने बारीक फटी. रेणू एकाच फटीतून गेला असं धरलं तर जुळत नाही, शेजारशेजारच्या फटींतून जाणाऱ्या वाटांची सुपरपोझिशन धरावी लागते. याचा पुरावा असा: तिसरी जाळी हळूहळू सरकवली की तिच्यामागे मोजल्या जाणाऱ्या रेणूंची संख्या वर-खाली होते. हे व्यतिकरणाचे, म्हणजे वाटा लाटांसारख्या एकमेकींत मिसळल्याचे, पट्टे.

मग त्यांनी जाळ्यांच्या आधीच लेझरने रेणू तापवायला सुरुवात केली. खूप तापलेला रेणू दिव्याच्या तारेसारखा प्रकाश टाकतो, उडता उडता काही फोटॉन सोडतो. लेझर जसजसा वाढवला तसतसे पट्टे फिके होत गेले आणि 3000 केल्विनच्या आसपास जवळपास नाहीसे झाले. ते फोटॉन कुणीही पकडले नव्हते, पाहिले नव्हते. ते नळीच्या भिंतींवर आपटून जिरले.

कारण तरंगलांबीत आहे. मंद तापलेल्या रेणूने सोडलेल्या प्रकाशाची तरंगलांबी लांब असते. तेवढ्या प्रकाशावरून एक मायक्रोमीटर दूर असलेल्या दोन वाटा वेगळ्या ओळखताच येत नाहीत, तत्त्वतःसुद्धा नाही. 3000 केल्विनचा प्रकाश मात्र मायक्रोमीटरच्या घरातला. असे दोन-चार फोटॉन सुटले की रेणू कुठून चालला होता याची खूण बाहेरच्या जगात उमटते. रेणूचं 'तिरपेपण', म्हणजे वाटांची सुपरपोझिशन, नष्ट झालेलं नसतं, ते आता एकट्या रेणूचं उरलेलं नसतं. रेणू आणि निसटलेले फोटॉन यांचं मिळून ते असतं. एकटा रेणू तपासला तर तो आपल्या दुसऱ्या डब्यासारखा वागतो, पिसलेल्या फोटॉनसारखा. याला डिकोहिरन्स म्हणतात. त्याच गटाने त्याआधी नळीत थोडा वायू सोडूनही हेच दाखवलं होतं, तिथे खूण ठेवायचं काम वायूच्या रेणूंनी केलं.

आणि पट्टे हळूहळू फिके झाले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जाणिवेमुळे हे घडत असतं, तर भट्टी आणि लेझर यांच्या हिशेबाने ते अर्धवट कसं घडलं असतं? इथे खूण जितकी स्पष्ट, तितके पट्टे पुसट, आणि हे गणिताने आधीच काढता येतं.

वक्त्यांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. जाणिवेची कल्पना कुणा बाबाची नव्हे, युजीन विग्नर या खऱ्याखुऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने ती 1961 साली गंभीरपणे मांडली होती. पुढे डिकोहिरन्सवरचं काम पाहून त्यांनी स्वतःच ती सोडली. हा दुसरा भाग व्याख्यानांत येत नाही.

त्या बाईंनी निघताना आणखी एक प्रश्न विचारला होता, आणि तो वक्त्यांच्या सगळ्या भाषणाहून चांगला होता: "मग शेवटी एकच उत्तर का मिळतं?" डिकोहिरन्स सांगतो की पट्टे का जातात, आणि निम्मी-निम्मी शक्यता साध्या नाणेफेकीसारखी का दिसू लागते. पण या खेपेला छापाच का पडला, काटा का नाही, हे तो सांगत नाही. कुणी म्हणतं दोन्ही निकाल जगाच्या वेगवेगळ्या शाखांत घडतात, कुणी म्हणतं क्वांटमच्या समीकरणातच एक जादा पद हवं, म्हणजे मोठ्या वस्तूंची सुपरपोझिशन आपोआप मोडेल. दुसरं म्हणणं प्रयोगाने तपासता येतं, म्हणून हल्ली C70पेक्षा कितीतरी जड रेणूंचे पट्टे शोधले जातात. आजवर तरी, खूण नीट दडवली की पट्टे दिसलेच आहेत.