शिक्का असला तरी सुगीआधी पत्र द्या

"काट्यावर एकदा पडताळणीचा शिक्का बसला की वर्षभर बघायचं काम नाही. सुगीआधी सोसायटीने वैध मापन कार्यालयाला पत्र देणं म्हणजे निरीक्षकाला बोलावून स्वतःवर दंड ओढवून घेणं. काटा बरोबर आहे की नाही ते त्यावर माणूस उभा केला तरी कळतं."

असं म्हणणारे सोसायटीत भेटतात, पण ते बरोबर नाही. आधी शिक्क्याचं बघू. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी 12 महिन्यांनी करावी लागते हे खरं आहे. पण त्या 12 महिन्यांत काटा कसाही चुकला तरी चालेल असं कायदा म्हणत नाही. वापरातल्या काट्यालाही चुकीची मर्यादा असते, फक्त ती पडताळणीच्या दिवशीच्या मर्यादेच्या दुप्पट असते.

समजा सोसायटीत 300 किलोचा, 100 ग्रॅमच्या भागाचा, म्हणजे 100 ग्रॅमच्या टप्प्यांनी वजन दाखवणारा प्लॅटफॉर्म काटा आहे. त्यावर 60 किलोचं पोतं ठेवलं, तर शिक्का मारताना 100 ग्रॅम आणि वापरात 200 ग्रॅम एवढीच चूक चालते. मोठ्या काट्याच्या चारही कोपऱ्यांखाली बहुधा भार मोजणारा एकेक लोडसेल असतो. एखाद्याची केबल उंदराने कुरतडली, खाली माती साचली किंवा पाया खचून प्लॅटफॉर्म कडेच्या चौकटीला टेकला, की तेवढाच कोपरा वजन कमी दाखवू लागतो. मधोमध ठेवलेलं पोतं 60.0 दाखवतं आणि तेच पोतं त्या कोपऱ्यावर 59.6. ही चूक वापरातल्या मर्यादेच्याही बाहेर गेली. हमालाची ये-जा त्या बाजूने असेल तर बहुतेक पोती तिथेच पडणार. पोत्यामागे साधारण 360 ग्रॅम धरले, तर 1000 पोत्यांत शेतकऱ्यांचा साडेतीन क्विंटलहून जास्त माल कागदावर येतच नाही. आणि एवढं होऊनही शिक्का जागेवर, मुदतीत असतो.

माणूस उभा करून यातलं काहीच दिसत नाही. तो मधोमध उभा राहतो, आणि त्याचं त्या वेळचं वजन ग्रॅममध्ये कोणालाच ठाऊक नसतं. तरी घरची तपासणी निरुपयोगी नाही, ती नीट करायला हवी. एकच भरलेलं पोतं मधोमध आणि मग चारही कोपऱ्यांवर ठेवा. पोत्याचं खरं वजन माहीत असण्याची गरज नाही, पाचही आकडे जुळतात का एवढंच पाहायचं. प्रत्येक वेळी पोतं उचलल्यावर काटा शून्यावर येतो का, तेही बघा. ही तपासणी कोपऱ्याची चूक पकडते. मात्र पाचही ठिकाणी काटा सारखाच कमी दाखवत असेल तर ती गप्प बसते. ते ओळखायला प्रमाणित वजनंच लागतात, आणि ती घेऊन येणाऱ्या निरीक्षकासाठीच हे पत्र आहे.

आता दंडाची भीती. वापरायच्या आधी काटा पडताळून घेणं ही वैध मापन अधिनियम, 2009 नुसार वापरणाऱ्याचीच जबाबदारी आहे. स्वतःहून पुढे केलेला काटा नापास झाला तर निरीक्षक त्यावर शिक्का मारत नाही, तो दुरुस्तीला जातो आणि पुन्हा शिक्का मिळेपर्यंत खरेदीत वापरता येत नाही. खटला आणि जप्तीची वेळ येते ती खरेदी चालू असताना असा काटा सापडला तर. मला यात भीती एकच वाटते, उशिराची. शिक्क्यावर वर्षासोबत तिमाहीचं अक्षर असतं. ते डी असेल, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, तर खरीप माल दारात असतानाच मुदत संपते. तेव्हा काटा नापास झाला तर पर्यायी काटा कुठून आणणार?

म्हणून क्रम पाळावा. कोपऱ्यांत फरक दिसला तर आधी परवानाधारक दुरुस्तकाला बोलवा. दुरुस्तीसाठी सील तोडलं की जुना शिक्का संपला, मग पडताळणी करावीच लागते. भुईकाटा सुटा करून दुसरीकडे बसवला असेल तरी तेच, जुन्या प्रमाणपत्राची मुदत शिल्लक असली तरीही.

पत्रात "आमचे काटे तपासून द्यावेत" एवढंच लिहिलं तर निरीक्षकाला किती वजनं आणायची ते कळत नाही. हे असं लिहावं:

"संस्थेच्या खरेदी केंद्रावर 300 किलो क्षमतेचे, 100 ग्रॅम भागाचे दोन प्लॅटफॉर्म काटे व एक भुईकाटा आहे. प्रत्येकाची बनावट, मॉडेल, अनुक्रमांक आणि मागील प्रमाणपत्राचा क्रमांक व तारीख सोबतच्या तक्त्यात दिली आहे. एका काट्याची दुरुस्ती झाली असून दुरुस्तकाचा अहवाल जोडला आहे. खरेदी सुरू होण्यापूर्वी जागेवर पडताळणीसाठी तारीख मिळावी. वजने उतरवण्यासाठी हमाल व भुईकाट्यासाठी भरलेले वाहन संस्था उपलब्ध करून देईल."

वाहनाची ओळ गाळू नका. भुईकाट्याच्या पूर्ण क्षमतेइतकी प्रमाणित वजनं आणणं सहसा शक्य नसतं. काटा तेच वजन पुन्हा पुन्हा सारखं दाखवत असेल तर थोड्या प्रमाणित वजनांवर सुरुवात करून पुढचा भार वाहनाने भरून काढता येतो. पत्राची पोच घ्या, आणि पडताळणीनंतर मिळणारं प्रमाणपत्र काट्याजवळ, माल घालणाऱ्याला वाचता येईल असं लावा.