शिडी ॲल्युमिनियमची आहे, म्हणून ती बघायची नाही?

«ॲल्युमिनियमची शिडी एकदाच घ्या आणि विसरून जा, ती गंजत नाही की तुटत नाही. बांबूची म्हणजे जिवाशी खेळ. लोखंडी जड असते म्हणून जागची हलत नाही. फक्त विजेच्या कामाला बांबू घ्या, त्यातून करंट येत नाही.»

शिडी घेताना मिळणाऱ्या या सल्ल्यातल्या ‘जड असते म्हणून हलत नाही’ यापासून सुरुवात करतो, कारण माणसं पडतात ती बहुतेक इथेच. शिडी मोडून पडल्याचे किस्से रंगवून सांगितले जातात, पण तळ सरकून पडणं त्यापेक्षा कितीतरी नेहमीचं आहे.

तळ सरकतो तो किती जोराने, ते सोप्या हिशेबाने काढता येतं. भिंत गुळगुळीत धरू. शिडी भिंतीला चार मीटर उंचीवर टेकली आहे आणि तळ भिंतीपासून दोन मीटरवर आहे, म्हणजे फार पसरट लावली आहे. शिडी लोखंडी, वीस किलोची. चढणारा सत्तर किलोचा. तो पार वर पोचला की तळ बाहेर ढकलणारा जोर चाळीस किलोइतका होतो, आणि जमिनीवर दाब नव्वद किलोचा. आता समजा फरशी ओली आहे, शिडीच्या पायाचं रबर झिजलंय आणि पकड दाबाच्या एक तृतीयांशच मिळते, म्हणजे तीस किलो. शिडी निसटणार.

पण ती लगेच निसटत नाही, आणि खरी फसगत तिथेच होते. माणूस खाली असताना बाहेर ढकलणारा जोर थोडा असतो, तो जसजसा वर जातो तसतसा वाढतो. याच उदाहरणात तो सत्तर टक्के उंची चढेपर्यंत शिडी ढिम्म राहते. ‘अर्ध्यापर्यंत चढून बघितलं, काही हललं नाही’ असं म्हणणारा माणूस पुढच्या चार पायऱ्यांत खाली येतो.

आता आठ किलोची हलकी ॲल्युमिनियमची शिडी घ्या आणि तळ एक मीटरवर आणा. माणूस वर पोचल्यावर बाहेरचा जोर साडेअठरा किलो, दाब अठ्ठ्याहत्तर, पकड सव्वीस. शिडी टिकते. लोखंडाचं जादा वजन थोडी मदत करतं हे खरं, पण कोन चुकला तर ते पुरत नाही. चार मीटर उंचीला एक मीटर तळ, हे प्रमाण पाळायचं. टेप नसेल तर शिडीच्या पायाला बोटं टेकवून ताठ उभं राहा आणि हात सरळ समोर करा. पंजे खांद्याच्या उंचीवरच्या पायरीला पोचले तर कोन बरोबर. छपरावर उतरायचं असेल तर शिडी कडेच्या वर मीटरभर हवी, म्हणजे उतरताना धरायला काहीतरी असतं.

आता ‘विसरून जा’. ॲल्युमिनियम लोखंडासारखं तांबडं गंजत नाही, हे मान्य. पण ते थकतं. पोलादाला ठरावीक मर्यादेखालचा ताण पुन्हा पुन्हा दिला तरी साधारणपणे चालतं. ॲल्युमिनियमला अशी पक्की मर्यादा नाही, त्यामुळे छोटे ताणही वर्षानुवर्षे साठत जातात, आणि तडा जातो तो पायरी बाजूच्या दांड्याला जिथे रिव्हेटने जोडलेली असते तिथे.

माझ्याकडच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला की ‘टिक’ असा बारीक आवाज यायचा. महिनाभर दुर्लक्ष केलं. मग शिडी आडवी टाकून पायरी दोन्ही हातांनी पिळून बघितली, तर ती किंचित फिरली. जोडावरची जुन्या रंगाची खपली आणि धूळ पुसल्यावर रिव्हेटच्या भोकापासून निघालेली केसाएवढी रेघ दिसली. शेजारच्या जोडात मीच कधीतरी लोखंडी नट-बोल्ट घातला होता, तिथे पांढरी भुकटी साचली होती. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून ओलाव्यात राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, त्याची ती खूण. ओल्या सिमेंटनेही ॲल्युमिनियमचं नुकसान होतं, म्हणून गवंडीकामानंतर शिडी धुवायची.

दांडा वाकलाय का हे एका टोकाला डोळा लावून, नेम धरल्यासारखं दुसऱ्या टोकाकडे पाहिलं की कळतं. वाकलेला दांडा ठोकून सरळ करू नका, ती जागा आणखी कमजोर होते. अशी शिडी अडगळीत ठेवण्यापेक्षा कापून टाकलेली बरी. नाहीतर कुणीतरी ती उचलून वापरतंच.

‘बांबूची म्हणजे जिवाशी खेळ’ हे मात्र अर्धवट आहे. पक्क्या, वाळलेल्या बांबूची नीट बांधलेली शिडी ठणठणीत असते. फक्त तिचं आयुष्य कमी, आणि ती बिघडते वेगळ्या जागी. एक म्हणजे तळाचा वीतभर भाग, जो ओल्या जमिनीवर उभा राहून कुजतो. तिथे चाकूचं टोक सहज रुतलं तर शिडी बाद. दुसरं, पायरीसाठी पाडलेल्या भोकापासून लांबीच्या दिशेने जाणारी चीर. अशी चीर एका भोकातून दुसऱ्याकडे निघाली की दांडा दुभंगायला वेळ लागत नाही. तिसरं, बारीक छिद्रं आणि त्याखाली सांडलेला पिठासारखा भुसा. आतून किडा पोखरत असतो. म्हणूनच बांबूच्या शिडीला ऑइल पेंट लावू नये. चिरा आणि छिद्रं दोन्ही झाकली जातात.

शिडी दोन विटांवर आडवी ठेवून मधोमध उड्या मारायची एक परीक्षा लोक करतात. ती करू नका. नीट उभ्या टेकवलेल्या शिडीवर दांड्याला वाकवणारा जोर वजनाच्या साधारण पाव भाग असतो. आडवी ठेवली की पूर्ण वजन वाकवतं, वर उड्यांचा हिसका. चांगली शिडीही त्यात चिरते. त्यापेक्षा ती जागेवर लावून पहिल्या पायरीवर दोन्ही पायांनी दाब द्या आणि कान उघडे ठेवा.

लोखंडी शिडी कायम एका जागी बसवायची असेल तर उत्तम. हलवायची असेल तर तिचं वजनच अपघात घडवतं. तिच्यात वेल्डिंगच्या कडेची चीर बघायची, आणि पोकळ पाइप असेल तर तळाशी ठोकून पाहायचं. वर खणखणीत आणि खाली बद्द आवाज आला, तर आत पाणी साचून गंज चढल्याची शंका घ्यायची. बाहेरचा रंग नवा आहे याला अर्थ नाही.

राहिला करंट. कोरडा बांबू वीज फारशी वाहू देत नाही, पण पावसात भिजलेला किंवा ओल्या भिंतीशी पडून राहिलेला देतो. शिवाय पायऱ्या तारेने आवळलेल्या असतात, खिळे मारलेले असतात. घरात दिवा बदलायचा असेल तर आधी मेन स्विच बंद करा, मग शिडी कसली का असेना. विजेच्या नेहमीच्या कामाला फायबरग्लासची शिडी असते, तीही कोरडी आणि स्वच्छ हवी. आणि वरून विजेच्या तारा जात असतील तिथून ॲल्युमिनियमची किंवा लोखंडी शिडी उभी धरून नेऊ नका, आडवी धरून न्या.