चौथ्या सेलची तहान

माझ्या जीन्सला सात भोकं पडली आहेत. काल धुवून वाळत घातली तेव्हा कळलं. डाव्या मांडीवर पाच, गुडघ्याखाली दोन. भाचीने विचारलं, "मावशी, नवी फॅशन का?" मी काही बोलले नाही. भोकं ॲसिडची आहेत, आणि ॲसिड सांडलं त्याला कारण खालच्या मजल्यावरचे काका आहेत. पण काकांच्या मते त्या दिवशी त्यांनी माझी बॅटरी वाचवली, आणि हे ते भेटेल त्याला सांगत सुटलेत.

झालं असं की ऐन उन्हाळ्यात गाडी कुरकुरायला लागली. सेल्फ मारला की झोपेतून उठवल्यासारखा आवाज, मग कशीबशी सुरू. माझी बॅटरी जुन्या पद्धतीची, पाण्याची. सहा झाकणं उघडायची आणि आत बघायचं. 'मेंटेनन्स फ्री'वाल्यांना हे सुख नाही. दर महिन्याला बघायचं असं ठरवून मी अडीच महिने बघितलंच नव्हतं. बाहेरून पातळी दाखवणाऱ्या दोन रेघा असतात, पण माझ्या बॅटरीच्या अंगावर इतकी धूळ होती की रेघा सोडा, बॅटरीचा रंगही आठवत नव्हता.

बॉनेट उघडायचा अवकाश, काका हजर.

"मिस्टर घरी नाहीत का?"

मिस्टर घरीच होते. बॉनेटचा खटका कुठे असतो हे त्यांना अजून सापडलेलं नाही, एवढंच. मी म्हटलं, "मीच करतेय काका."

"कर, कर. मी आहे इथे."

हीच तर भीती होती.

आधी ओल्या फडक्याने वरचा भाग पुसून घेतला, नाहीतर झाकण काढताना सगळी माती आत जाते. मग झाकणं काढली आणि पोटात गोळा आला. आत ॲसिडचा काळसर, चकचकीत आरसा दिसायला हवा. पाच सेलमध्ये तो अगदी खाली, प्लेटांच्या माथ्याला टेकलेला. चौथ्यात आरसाच नाही. प्लेटांच्या कडा कोरड्या ठणठणीत, बोटाच्या पेराएवढ्या वर आलेल्या आणि त्यांच्यावर पांढुरकी बुरशी चढल्यासारखी खपली. नदी आटल्यावर तळातली देवळं वर येतात, तसं.

"दिसत नाही नीट," असं म्हणून काकांनी खिशातून लायटर काढला.

इथे मी किंचाळले. बॅटरी चार्ज होताना पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतो, उन्हात आणखी जास्त, आणि पातळी खाली गेली की तो वायू मावायला आत तेवढी जास्त जागा. त्या भोकावर काका लायटर धरणार होते. मी त्यांचा हात धरला, तर म्हणाले, "घाबरट आहेस. आमच्या वेळी आम्ही काडी पेटवून बघायचो." त्यांच्या वेळचे बाकीचे आता कुठे आहेत, हे विचारायचं मी टाळलं.

मग पाण्यावरून वाद. माझ्या हातात डिस्टिल्ड वॉटरची बाटली होती. काका म्हणाले, "पैसे कशाला घालवतेस? एसीचं पाणी धर की. तेही वाफेचंच पाणी. डिस्टिल्डच ते."

हे ऐकायला इतकं शास्त्रीय वाटतं की क्षणभर मीही डळमळले. पण ते पाणी धूळ बसलेल्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या नळ्यापत्र्यांवरून ओघळत, शेवाळलेल्या ट्रेमधून येतं. धातूचा अंशही आत गेला तर बॅटरी बसल्या जागी आपोआप उतरत राहते. नळाच्या पाण्याचं तेच. मग काकांनी दुसरं अस्त्र काढलं. "नाहीतर ॲसिडच घाल थोडं. ताकद येईल." अहो, उडालंय ते पाणी! ॲसिड आतच आहे, उलट कमी पाण्यात जास्त कडक झालंय आणि उरलेल्या प्लेटांना खातंय. खारट आमटीत आणखी मीठ घालायचं का? "तसं नसतं ते," काका म्हणाले. कसं असतं ते सांगितलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, जिच्यापायी माझी जीन्स गेली. प्लेटा उघड्या पडलेल्या असतील तर लगेच वरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं नसतं. प्लेटा जेमतेम बुडतील एवढंच टाकायचं, मग चार्जरवर लावायचं, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर उरलेलं भरायचं. कारण चार्ज होताना पातळी वर चढते. द्रव तापून फुगतो, आणि प्लेटांच्या पोटात वायूचे बुडबुडे बसून पाण्याला वर ढकलतात. आधीच काठोकाठ भरलं असेल तर ते उतू जातं, आणि जे जातं ते नुसतं पाणी नसतं.

हे सगळं मी काकांना समजावलं. त्यांनी मान डोलावली. मी नरसाळं आणायला वर गेले, प्लॅस्टिकचं, कारण पत्र्याचं नरसाळं टर्मिनलवर पडलं तर ठिणगीच. तीन मिनिटांत खाली आले, तर पहिला, दुसरा आणि तिसरा सेल काठोकाठ. काका बाटली हातात घेऊन समाधानाने उभे.

"तहानली होती गं बिचारी. गटागटा प्यायली."

ॲसिड किती दाट आहे ते मोजणाऱ्या हायड्रोमीटरच्या रबरी फुग्याने मी त्या तिन्हींतलं थोडं वरचं पाणी परत खेचलं. पुरेसं खेचलं नाही, हे नंतर कळलं. चौथ्या सेलमध्ये प्लेटा बुडण्यापुरतं टाकलं, आणि काकांनी ताबडतोब हायड्रोमीटर हिसकावून त्यात खुपसला. "मेली ही! पार पाणी झालंय!" अहो काका, आत्ता टाकलेलं पाणीच वर तरंगतंय, ते मिसळायला नको? पण काका सोसायटीभर मृत्यूची बातमी द्यायला निघूनही गेले.

झाकणं लावून हवेशीर जागी रात्रभर सावकाश चार्ज केलं. सकाळी पहिल्या तीन झाकणांभोवती ॲसिडची थारोळी. ती पुसताना वाकले, आणि मांडी बॅटरीला टेकली. तेव्हा नुसता ओलावा वाटला. ॲसिड सुती कापडाला गुपचूप खातं आणि धुतल्यावर भोक दाखवतं. खाण्याच्या सोड्याचं पाणी तेव्हाच मांडीवर मारायला हवं होतं, मी ते फक्त बॅटरीच्या पाठीवर मारलं.

मग बाकीच्या सेलमध्ये प्लेटांवर सेंटीमीटरभर येईल एवढं पाणी भरलं आणि हायड्रोमीटरने खरी मोजणी केली. पाचवा आणि सहावा 1.260. पहिले तीन थोडे खाली, त्यांचं ॲसिड माझ्या मांडीवर. चौथा 1.180. बुडालेल्या भागाने चार्ज घेतला, उघडा पडलेला भाग बहुधा कायमचा गेला, पाणी टाकून तो परत येत नाही. सहाही सेलमधलं पाणी सारखंच आटलं असतं तर गाडीच जास्त चार्ज करतेय का ते तपासलं असतं. एकटाच जास्त आटतो, तेव्हा त्या सेलचाच काहीतरी रोग असतो. म्हणजे माझ्या अडीच महिन्यांचा दोष आहे, आणि पूर्ण नाहीसुद्धा.

गाडी सध्या सुरू होते. दुपारी थोडी नाटकं करते.

आज सकाळी जिन्यात काका कुणाला तरी सांगत होते, "तिची बॅटरी मेली होती हो. मी पाणी पाजलं, उठून बसली." मला बघून थांबले, जीन्सकडे बघितलं आणि म्हणाले, "मशिनीचं काम करताना जुने कपडे घालावेत, बाळ."

जुनीच होती. पण भोकं नव्हती.