सात कप्प्यांचा डबा आणि सोमवारची गोळी

«बीपीची गोळी चुकते ती फक्त विसरल्यामुळे. सात कप्प्यांचा डबा आणा, रविवारी सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून भरून ठेवा, मोबाइलला अलार्म लावा. तरी एखादी चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घ्या. आठवड्याच्या शेवटी डबा रिकामा दिसला की समजा बीपी ताब्यात. सगळ्या ग्रुपवर पाठवा.»

हा मेसेज गेल्या दोन महिन्यांत मला पाच जणांनी पाठवला. माझं कोकणात औषधांचं दुकान आहे. गोळ्यांचे डबे मीही विकतो आणि अनेकांना ते घ्या असं आपणहून सांगतो. म्हणूनच यातली एकेक गोष्ट नीट बघावीशी वाटते, कारण चांगल्या वस्तूसोबत चुकीचा सल्ला घरोघरी पोचतो आहे.

पहिलं, विसरण्याचं. माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एक काकू आहेत, वय चौसष्ट. अम्लोडिपिन ५ आणि टेल्मिसार्टन ४० अशा दोन गोळ्या, रोज सकाळी एकेक. दवाखान्यात प्रत्येक वेळी बीपी जास्तच भरायचं, एकदा १५८/९४ होतं. डॉक्टरांनी आधी टेल्मिसार्टन ८० केली, तरी उतरेना म्हणून क्लोरथॅलिडोन १२.५ ही लघवीची गोळी जोडली. एप्रिलमध्ये त्यांची मुलगी दुकानात आली आणि म्हणाली, «आई विसरते, एक डबा द्या.» देता देता मी जुनी बिलं काढून बघितली. ४ जानेवारीला तीस दिवसांच्या गोळ्या नेल्या होत्या, त्यानंतर थेट २१ फेब्रुवारीला, आणि आता १२ एप्रिल. म्हणजे अठ्ठ्याण्णव दिवसांत साठ दिवसांच्या गोळ्या. अडतीस दिवस काकूंच्या पोटात गोळी गेलेलीच नव्हती.

हा हिशेब कुणालाही घरी करता येतो. मागच्या वेळी कधी आणल्या, किती आणल्या आणि आज किती उरल्यात, एवढं हवं. «मी रोज घेते» असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. बिलावरची तारीख मात्र नेमकं सांगते.

मुलीने डबा नेला, भरला, फोनला सकाळी आठचा अलार्म लावला. आठ दिवसांनी ती डबा घेऊनच परत आली. पाच कप्पे रिकामे, सोमवार आणि गुरुवारचे भरलेले. अलार्म त्या दोन्ही दिवशी वाजला होता आणि काकूंनीच तो बंद केला होता. मी फोनवर विचारलं तेव्हा म्हणाल्या, «दादा, उपासाच्या दिवशी गोळी कशी घेऊ? रिकाम्या पोटी उष्ण पडते.» सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या आणि संकष्टी. अठ्ठ्याण्णव दिवसांतले सोमवार-गुरुवारच अठ्ठावीस होतात. बाकीचे दिवस या तिथ्यांत आणि स्ट्रिप संपल्यावर नवी आणेपर्यंत गेलेले. काकू एकही गोळी विसरल्या नव्हत्या. त्यांनी विचार करून ती सोडली होती.

अम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन दोन्ही जेवणाआधी, जेवणानंतर, रिकाम्या पोटी, कशाही चालतात. घोटभर पाण्याने उपास मोडतो का, हे ज्याच्या त्याच्या घरचं; पण पोटाची भीती तरी नको. लघवीच्या गोळीचं थोडं वेगळं आहे. निर्जळी करणाऱ्याने क्लोरथॅलिडोनसारखी गोळी त्या दिवशी कशी घ्यायची, ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं.

आपल्याकडचं उपासाचं कारण तिकडे नसेल, पण अडचण जगभर हीच आहे. अमेरिकेत त्रेपन्न हजारांहून जास्त लोकांवर केलेला एक मोठा प्रयोग २०१७ मध्ये छापून आला. काहींना टपालाने गोळ्यांचा डबा पाठवला, काहींना वेळ मोजणारं झाकण, काहींना बाटलीवर लावायची खुणांची पट्टी आणि काहींना काहीच नाही. वर्षभराने बघितलं तर गोळ्या नियमित घेण्यात या गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. पुढच्याच वर्षी बीपी ताब्यात नसलेल्या चारशे अकरा जणांवर आठवण करून देणारं मोबाइल अ‍ॅप वापरून बघितलं. ज्यांच्याकडे अ‍ॅप होतं ते «आम्ही जास्त नियमित घेतो» असं थोडं अधिक सांगत होते, पण बारा आठवड्यांनी बीपी दोन्ही गटांचं सारखंच उतरलेलं होतं. कारण उघड आहे. पाय सुजतात म्हणून अम्लोडिपिन सोडणारा, आता बरं वाटतं म्हणून बंद करणारा, पैसे आले की आणू म्हणणारा, यांच्यापैकी कुणालाच घंटेची गरज नसते. पाय सुजत असतील तर डॉक्टर गोळी बदलून देतात, त्यासाठी त्यांना ते सांगायला हवं.

मग डबा कशाला? तर ज्याला खरंच आठवत नाही त्याला, आणि त्याहून जास्त, ज्याला «सकाळी घेतली की नाही?» हा प्रश्न दुपारी पडतो त्याला. स्ट्रिपकडे बघून याचं उत्तर मिळत नाही, बुधवारचा कप्पा उघडला की मिळतं. आणि कुठले कप्पे भरलेले राहतात हे बघितलं की कारण हाती लागतं. काकूंचे सोमवार-गुरुवार होते. एखाद्याचे शनिवार-रविवार असतात, कारण तो गावी जातो आणि डबा इथेच राहतो.

आठवणीचं काम अलार्मपेक्षा रोजची एखादी ठरलेली गोष्ट चांगलं करते. अलार्म वाजतो तेव्हा माणूस रिक्षात असतो, आंघोळीला गेलेला असतो. तो बंद करतो आणि «नंतर घेऊ» म्हणतो. सकाळचा पहिला चहा, दाढी, देवपूजा, यातलं जे एक दिवसही चुकत नाही त्याच्याशी गोळी बांधावी आणि डबा तिथेच ठेवावा. सकाळ की रात्र यावर डोकं शिणवू नये. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून जास्त लोकांवर पाच वर्षांहून अधिक काळ हेच तपासलं गेलं. हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यू यांत सकाळी घेणारे आणि रात्री घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. निकाल २०२२ मध्ये आला. फक्त लघवीची गोळी सकाळी बरी, नाहीतर रात्री झोपमोड होते. आणि घरात लहान मूल असेल तर डबा त्याच्या हाताला लागेल असा ठेवू नका. हे डबे मुलांना सहज उघडतात, आणि अम्लोडिपिनची एकच गोळीसुद्धा तान्ह्या-दुडक्या मुलाच्या जिवावर बेतू शकते.

आता गोळ्या पाकिटातून काढण्याचं. टेल्मिसार्टन ओल शोषून घेते. म्हणून ती दोन्ही बाजूंनी जाड चंदेरी पत्रा असलेल्या स्ट्रिपमध्ये येते आणि तोंडात टाकायच्या वेळीच बाहेर काढायची असते. टेल्मिसार्टन-अम्लोडिपिनच्या जोडगोळीलाही हेच लागू. आमच्याकडे जुलैत मिठाला पाणी सुटतं. त्या हवेत प्लॅस्टिकच्या कप्प्यात आठवडाभर पडलेली गोळी मऊ पडते, फुगते, कडा सुटतात, कप्प्याला चिकटते. तशी दिसली तर टाकून द्या. घरोघरी रोज लाखो लोक घेतात ती ही गोळी, आणि मेसेजमध्ये नेमकं तिला जे चालत नाही तेच करायला सांगितलं आहे.

उपाय सोपा आहे. कात्रीने स्ट्रिप एकेका गोळीच्या तुकड्यात कापायची आणि तुकडाच कप्प्यात टाकायचा. पत्रा गोळीच्या फार जवळून कापू नका, खळगीभोवती कड राहू द्या, नाहीतर हवा आत जाते. नाव आणि मुदतीची तारीख छापलेला तुकडा सगळ्यात शेवटी वापरा, म्हणजे बाकीच्या कशाच्या आहेत ते कळतं. टोकदार कोपरे गोल करा. पत्र्यासकट गोळी गिळल्याचे प्रकार घडतात, नजर कमी असलेल्या माणसाला हे आठवणीने सांगावं लागतं. डबा घेताना तुकडा मावेल असे मोठे कप्पे बघून घ्या.

दुसऱ्या दिवशी दोन घेण्याचा सल्ला मला सगळ्यात जास्त खुपला. अम्लोडिपिन शरीरातून निम्मी व्हायला तीस ते पन्नास तास लागतात. म्हणजे आजची चुकली तरी कालची निम्म्याहून जास्त अजून रक्तात असते. त्यावर एकदम दोन टाकल्या तर बीपी गरजेपेक्षा खाली जाऊ शकतं, आणि म्हातारं माणूस पहाटे बाथरूमला उठताना पडतं. सकाळची गोळी संध्याकाळपर्यंत आठवली तर घ्या. दुसरा दिवस उजाडला असेल तर त्या दिवसाची एकच. चुकलेली कप्प्यात तशीच राहू द्या, डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडते. सगळ्या गोळ्या अम्लोडिपिनसारख्या सोशीक मात्र नसतात. क्लोनिडिन अचानक थांबली तर बीपी उसळून वर जातं, आणि अ‍ॅटेनोलॉल-मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या एकाएकी बंद केल्या तर हृदयावर ताण येतो. अशांचे दोन-तीन दिवस सलग चुकले असतील तर परस्पर काही न करता फोन करून विचारा.

राहिला रिकामा डबा. काकूंचा डबा दुसऱ्या आठवड्यापासून खरोखर रिकामा व्हायला लागला, उपासाच्या दिवसांसकट. तिसऱ्या आठवड्यात उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. मुलीने घरी मोजलं तर १०४/६२. आठवून बघा, ८० ची टेल्मिसार्टन आणि तिसरी गोळी कधी वाढवली होती? काकू पाचांतले तीनच दिवस औषध घेत होत्या तेव्हा. डॉक्टरांना वाटलं औषध कमी पडतंय, आणि पडत होते फक्त दिवस. आता पूर्ण गोळ्या जायला लागल्यावर तो डोस जास्त झाला. म्हणून ज्यांच्या बऱ्याच गोळ्या चुकत होत्या त्यांनी डबा सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं आणि पहिले तीन-चार आठवडे घरी बीपी मोजावं: सकाळी गोळीआधी, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा.

डॉक्टरांनी तिसरी गोळी बंद केली आणि टेल्मिसार्टन पुन्हा ४० वर आणली. जूनमध्ये काकूंचं घरचं बीपी १२६/७८ च्या आसपास होतं, जानेवारीच्याच दोन गोळ्यांवर. डबा आता देवघराशेजारच्या उंच फळीवर असतो. मुलगी रविवारी तुकडे कापून भरते, आणि शेवटची स्ट्रिप कापायला घेतली की त्याच दिवशी मला फोन करते.