22/20 चं काय होतं? एक्स्ट्रा क्रेडिटबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

"एक, मूडलवर असाइनमेंटचे 20 पैकी 22 झाले तर वरचे 2 फायनल टोटलमध्ये जमा होतेच, नाही झाले तर सरांनं कापले समजा. दोन, लिमिट लागली का सगळ्यांचेच मार्क त्या हिशोबानं खाली येतेत, ज्यानं एक्स्ट्रा केलं नाही त्याचेही. तीन, म्हणून सरांना सांगून एक्स्ट्रा क्रेडिटचं टिक काढायला लावा, साधी असाइनमेंट झाली का सगळ्यांचा फायदा. भाऊ, पुढं पाठवा."

इंटर्नलचे मार्क लागायची वेळ आली की नागपुरात हिंगणा रोडपासून कोराडी रोडपर्यंत कॉलेजच्या ग्रुपांमध्ये हा मेसेज फिरतो. कॉलेजचं मूडल, म्हणजे असाइनमेंट आणि मार्कांचं ऑनलाइन सॉफ्टवेअर, सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे याचा शेवट माझ्या टेबलावर होतो. तर एक उदाहरण घेऊ आणि तिन्ही मुद्दे त्याच्यावर घासून पाहू.

डेटा स्ट्रक्चर्सचा कोर्स, इंटर्नल 50 चं. असाइनमेंटची कॅटेगरी 20 ची, म्हणजे 5-5 च्या चार असाइनमेंट. त्यात पाचवी एक ऐच्छिक, एव्हीएल ट्रीची, 4 मार्कांची, तिच्यावर `Extra credit` चं टिक. क्विझची कॅटेगरी 30 ची. जोडायची पद्धत दोन्हीकडे आणि वर कोर्सलाही `Natural`, म्हणजे सरळ बेरीज.

रोशनला चार असाइनमेंटमध्ये 19, एक्स्ट्रामध्ये 3, क्विझमध्ये 21. प्राजक्ताला 14, एक्स्ट्रा 3, क्विझ 24. तुषारने एक्स्ट्रा केलंच नाही; त्याचे 16 आणि 22. ही नावं आणि आकडे सोयीसाठी घेतलेत, पण भांडणं हुबेहूब अशाच आकड्यांवर होतात.

आता पहिला मुद्दा. मूडल हिशोब खालून वर करतं. आधी कॅटेगरीतल्या सगळ्या आयटमची बेरीज, एक्स्ट्रा धरून. रोशनची 22 आली. मग ही बेरीज कॅटेगरीच्या कमाल मार्कांशी ताडून पाहिली जाते. कमाल 20 आहे, कारण एक्स्ट्रा क्रेडिटचे 4 मार्क कमालमध्ये धरलेच जात नाहीत. एक्स्ट्रा क्रेडिटचा अर्थच तो आहे. 22 हे 20 पेक्षा जास्त, म्हणून कॅटेगरीची टोटल 20 अशी नोंदली जाते. कोर्सची टोटल काढताना मूडल खालच्या आयटमकडे परत जात नाही, कॅटेगरीची नोंदलेली टोटल उचलतं. म्हणजे वरच्या पायरीला 22 कधी दिसलेच नाहीत. रोशनचे 20 अधिक 21, झाले 41.

इथे एक बारकी गोष्ट सुटते. कात्री लागते ती बेरजेला, एक्स्ट्राच्या आयटमला नाही. रोशनच्या रिपोर्टमध्ये एव्हीएल ट्रीसमोर 3 च दिसतात, आणि खाली कॅटेगरीच्या ओळीत 20. पोरं दोन्ही ओळी बघतात, बोटांवर बेरीज करतात आणि "2 मार्क खाल्ले" म्हणत येतात. खरं तर त्या 3 पैकी 1 कामाला आला: 19 चे 20 झाले. प्राजक्ताचे तिन्ही कामाला आले, 14 चे 17 झाले, आणि तिचीही टोटल 41 झाली. एकच काम, दोघांनाही 3 मार्क, पण एकीला 3 चा फायदा आणि दुसऱ्याला 1 चा. रोशनला राग येणं मी समजू शकतो. पण तो राग सरांवर काढायचा नाही; सरांनी तिथे हात लावलेला नाही. टोटल हाताने बदलली असती तर तिच्यावर `Overridden` ची खूण पडली असती, आणि `Grade history` च्या रिपोर्टमध्ये सर ती उघडून दाखवू शकतात.

मग हा समज आला कुठून? माझा अंदाज, अमेरिकेतल्या शिक्षकांच्या व्हिडिओंवरून. तिकडे कॅनव्हास हे सॉफ्टवेअर खूप चालतं. त्यात 0 पैकी मार्क देता येणारी असाइनमेंट करून एक्स्ट्रा क्रेडिट देतात, आणि एखादा गट 100 टक्क्यांच्या वर गेला तर तो तसाच वर चढतो. तिथे तो मेसेज खरा आहे. मूडलवर तसं व्हायला `Unlimited grades` ही सेटिंग चालू लागते. ती मुळात बंद असते आणि फक्त ॲडमिनच्या हातात असते, तीही एका कोर्सपुरती नाही, अख्ख्या साइटसाठी. ती चालू करा म्हणून मला दर सेमिस्टरला कोणीतरी गळ घालतं. मी करत नाही, आणि कारण अगदी साधं आहे: ती बंद असली की 5 च्या असाइनमेंटला कोणी 4.5 च्या जागी 45 टाइप केले तर मूडल लगेच तक्रार करतं. चालू असली की 45 गपचूप घेतं. दशांश चिन्ह विसरणारे प्राध्यापक आमच्याकडे कमी नाहीत बाप्पा.

दुसरा मुद्दा निव्वळ हिशोबाची चूक आहे, आणि ती कशी होते हे मला एका पोराच्या एक्सेल शीटमध्ये दिसलं. त्याने सूत्र असं लिहिलं होतं:

```
=SUM(B2:F2)/24*20
```

पाच आयटमचे कमाल मार्क त्याने जोडले, 24 आले, आणि ते 20 वर आणायला सगळ्यांना 24 ने भागलं. असं केलं तर तुषारचे 16 खरंच 13.33 वर येतात आणि प्राजक्ताचे 17 चे 14.17 होतात. पण मूडल हे करतच नाही. मूडलचा हिशोब असा:

```
=MIN(20, SUM(B2:F2))
```

भागाकार कुठेच नाही. तुषारचे 16 हे 16 च राहतात, प्राजक्ताचे 17 हे 17. ज्याची बेरीज 20 च्या आत आहे त्याच्यासाठी लिमिट असून नसल्यासारखी. रोशनला लिमिट लागली म्हणून तुषारचा अर्धा मार्कही हलत नाही.

तरीही कोणाच्या कोर्सला खरोखर सगळ्यांचे मार्क घसरले असतील तर बघायची जागा एकच. सरांना `Gradebook setup` उघडायला सांगा आणि असाइनमेंटच्या कॅटेगरीची कमाल किती दिसते ते विचारा. 20 दिसली तर सगळं जागेवर आहे. 24 दिसली तर एव्हीएल ट्रीवर एक्स्ट्रा क्रेडिटचं टिक लागलेलंच नाही. नावात "एक्स्ट्रा" लिहिलं आणि टिक करायचं राहिलं, असं होतं.

आणि तिसऱ्या मुद्द्यात नेमकं हेच आपल्या हाताने करायला सांगितलंय. मेसेजमधला हा सगळ्यात महागात पडणारा सल्ला, म्हणून आकडे नीट बघा. टिक काढलं की कॅटेगरी 24 ची झाली आणि कोर्स 54 चा. रोशनच्या कॅटेगरीत आता 22 दिसतील, तो खूश. त्याचे एकूण 43. पण इंटर्नल तर 50 चंच पाठवायचं आहे. म्हणून 54 पैकीचे 50 पैकी करावे लागतात, आणि 43 चे होतात 39.81. टिक होतं तेव्हा त्याला 41 होते. प्राजक्ताचे 41 हे 37.96 वर येतात. तुषारने न केलेल्या असाइनमेंटला शून्य धरलं तर त्याचे 38 चे 35.19. तिघंही खाली! आणि यातल्या दोघांनी जास्तीचं काम करून मार्क घालवले.

याहून गंमत पुढे आहे. तुषारच्या रकान्यात शून्य न टाकता तो रिकामा ठेवला आणि कॅटेगरीवर `Exclude empty grades` चं टिक असलं, तर मूडल त्याच्यासाठी ती असाइनमेंट हिशोबातच धरत नाही. त्याची कॅटेगरी 20 ची राहते, कोर्स 50 चा राहतो आणि त्याचे 38 तसेच राहतात. म्हणजे ज्याने एव्हीएल ट्री केलीच नाही तो 38 वर, आणि रात्रभर बसून केलेली प्राजक्ता 37.96 वर. असं एकदा लागलं की मग ग्रुपवर काय होतं ते सांगायला नको.

रोशनच्या बाजूने सरांना काही करायचंच असेल तर टिक तसंच ठेवून आयटमची जागा बदलायची. एव्हीएल ट्री असाइनमेंटच्या कॅटेगरीतून बाहेर काढून थेट कोर्सच्या खाली, क्विझ आणि असाइनमेंटच्या कॅटेगऱ्यांच्या शेजारी ठेवायची. आता असाइनमेंटची टोटल 19, क्विझची 21, आणि एक्स्ट्राचे 3 थेट कोर्सच्या बेरजेत. झाले 43. लिमिट आहेच, पण ती आता कोर्सच्या 50 वर आहे, आणि तिथपर्यंत रोशनला अजून 7 मार्कांची जागा आहे. प्राजक्ता 41, तुषार 38, दोघांचंही काही बिघडलं नाही. एक्स्ट्रा क्रेडिट कुठल्या छताखाली ठेवलंय, यावर ते कुठे अडणार हे ठरतं.

जागा बदलताना दोन गोष्टी आधी बघाव्या लागतात. कोर्समध्ये कॅटेगऱ्यांचं वजन हाताने बदललेलं असेल, समजा कोर्स 100 चा आणि 20 च्या असाइनमेंटना 40 टक्के वजन, तर कॅटेगरीच्या आतला एक मार्क वर गेल्यावर 2 चा होतो. तिथे प्राजक्ताच्या 3 एक्स्ट्रा मार्कांची किंमत 6 असते. आयटम बाहेर काढला की ती 3 वर येते. रोशनला मात्र आत असताना 1 चे 2 मिळत होते, बाहेर काढल्यावर 3 मिळतील. म्हणजे एकाचा फायदा करताना दुसरीचं नुकसान होतं, आणि मार्क लागून गेल्यावर हे करणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. करायचं तर सेमिस्टरच्या सुरुवातीला, वर्गात सांगून.

दुसरी गोष्ट मूडलच्या बाहेरची. परीक्षा विभागाला मार्क एकूण 50 असे जात असतील तर वरचा उपाय चालतो. पण असाइनमेंट वेगळी, क्विझ वेगळी असे हेडप्रमाणे जात असतील, तर एव्हीएल ट्रीचे 3 मार्क भरायला त्या फॉर्मात रकानाच नसतो. ते असाइनमेंटच्या हेडमध्येच घालावे लागतात, आणि 20 च्या रकान्यात 20 च्या वरचा आकडा जात नाही. मग आयटम मूडलमध्ये कुठेही ठेवा, रोशनचे 41 च.