नवीन सुधारित आवृत्ती, उत्तरतालिकेसह

भाचीला लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेसाठी मागच्या प्रश्नपत्रिकांचं पुस्तक हवं होतं. ऑनलाइन जाहिरातीत चार गोष्टी ठळक होत्या: आवृत्ती 2025, पूर्व व मुख्य संपूर्ण अभ्यासक्रम, मराठी माध्यम, अचूक उत्तरतालिका. पुस्तक आलं, भाचीने नाक मुरडलं, आणि ते परत करायला मी अप्पा बळवंत चौकातल्या त्या दुकानात गेलो.

मालक म्हणाले, "उघडलेलं पुस्तक परत नाही." आता न उघडता आत काय आहे ते कळावं, एवढी सिद्धी मला अजून प्राप्त नाही. (त्या चौकात गाडी लावायला जागा मिळणं हीसुद्धा सिद्धीच, पण ते जाऊ दे.)

शेजारी एक दाढीवाला दादा कटिंग पीत उभा होता. अभ्यासिकेत बसून आयोगाचे चार अध्यक्ष येऊन गेलेले पाहिल्याचा थकवा चेहऱ्यावर. न विचारता त्याने पुस्तक ओढलं आणि कव्हरवरच्या 2025 वर नख फिरवलं. स्टिकर सुटला. खाली 2022.

"काका, कव्हर नाही, हे पान बघायचं," म्हणत त्याने आतलं पान दाखवलं. पहिली आवृत्ती 2019, पुढे नुसतं पुनर्मुद्रण. "पुनर्मुद्रण म्हणजे तेच पुन्हा छापलं. सुधारलं काही नाही."

"पण संपूर्ण अभ्यासक्रम?"

"मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. निबंध, वैकल्पिक विषय, सगळं लिहायचं. यात मुख्यचे सगळे प्रश्न चार पर्यायांचे. संपूर्ण आहे, पण बंद झालेल्या परीक्षेचं."

मालक मन लावून पावती फाडत होते. दुसऱ्या कुणाची तरी.

मग दादा उत्तरतालिकेकडे वळला, तेव्हा त्याचा आवाज बदलला. "यात एकाही प्रश्नापुढे 'रद्द' दिसतंय का?" दिसत नव्हतं. "मग ही आयोगाची पहिली तालिका. तिच्यावर मुलं हरकती घेतात, काही उत्तरं बदलतात, काही प्रश्नच रद्द होतात, मग अंतिम तालिका येते. या पेपरचा हा प्रश्न बघा. इथे पर्याय दोन, अंतिममध्ये तीन. पूर्वच्या पहिल्या पेपरला प्रश्न दोन गुणांचा, चुकला की त्याचे पाव गुण वजा. म्हणजे हे पाठ करून गेलात तर दोन मिळायचे ते गेलेच, वर अर्धा गुण आपल्या खिशातून."

मराठी माध्यम मात्र खरं निघालं. प्रश्नांपुरतं. स्पष्टीकरणं इंग्रजीत होती.

"निम्म्यात देता का?" दादाने मला विचारलं. मी चकित. "अहो, पूर्वच्या सीसॅट पेपरचे उतारे बरे आहेत."

दिलं नाही. घरी भाची म्हणाली, "मामा, प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरतालिका आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. मी उतरवून घेतल्या. फुकट." मग आधी सांगायचं ना! आणि दुकानदाराला त्या फुकटच्या गोष्टीतली अंतिम तालिकाच तेवढी उतरवून घ्यायला काय झालं होतं? स्टिकर छापायला वेळ मिळतो!