घर आहे हो, हॉटेल नाही!

जळगावात आमच्या गच्चीवर भरीत पार्टी झाली आणि पुतण्याच्या मित्रांनी घर ‘भरीत अड्डा’ म्हणून गूगलच्या नकाशावर टाकलं! फोटोत फाटक, गाडीचा नंबर, सगळं. आता रात्री अनोळखी पोरं बेल वाजवतात, ‘काकू, भरीत मिळेल का?’ सासूबाई एकट्या असतात, त्याचं काय?

‘कायमचं बंद’ कळवलं, तर नावाखाली तेवढं लिहून आलं, खूण जागच्या जागी! ‘खाजगी घर’ म्हणून काढायला सांगितलं, तर नामंजूर. मालकीचा दावा करू? म्हणजे घराचं दुकान मीच कबूल करायचं? माझ्या घराला तारे देणारे तुम्ही कोण? पोरांनो, आधी आपापले फोटो आणि शेरे काढा, मग प्रत्येकाने ‘खाजगी घर’ म्हणूनच तक्रार करा. आजच!